कणकुंबीचा सूर्योदय आणि वरून कापलेला तक्ता

माझ्या बायकोने तीन वर्षांपूर्वी फोटो काढायला सुरुवात केली. कॅमेरा तिच्या भावाचा. त्याला मोबाइलचा फोटो पुरे वाटू लागल्यावर कॅमेरा आमच्या कपाटात आला. बेळगावात हौशी लोकांचा एक फोटो-गट आहे, त्यात तिने नाव घातलं. हा गट दर वर्षी एका हॉलमध्ये भिंतीवर फोटो लावतो. प्रत्येकाने एक फोटो द्यायचा, जाणती मंडळी त्यातले निवडणार. दोन वर्षं तिचा फोटो निवडला गेला नाही. पहिल्या वर्षी ती हसली. दुसऱ्या वर्षी बेळगावहून निपाणीला घरी परत येताना संकेश्वरपर्यंत काही बोलली नाही.

यंदा फोटो पाठवायची शेवटची मुदत एका रविवारची रात्र होती आणि विषय होता ‘उजेड’. ती म्हणाली, "यंदा न्हाय लागला तर कॅमेरा दादाला परत. त्याचा मुलगा मागतोय कवापासून."

हे तिने भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता सांगितलं. आमच्या घरात जे खरं असतं ते असंच सांगितलं जातं.

मग मी ठरवलं, शनिवार-रविवार कणकुंबीला जायचं. घाटमाथ्याचा प्रदेश, नोव्हेंबर संपत आलेला, सकाळी धुकं मिळणार. उजेड कधी, किती वेळ आणि कुठल्या बाजूने, याचा हिशोब मी करणार. मी निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत हिशोब लिहितो. फोटोतलं मला काही कळत नाही, पण वेळ काढून देणं जमेल असं वाटलं.

त्यासाठी सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा हव्या होत्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आहेत, पण त्या मुंबईच्या. मुंबई आपल्यापेक्षा उत्तरेला, तिथला सूर्य आपल्या काय कामाचा, म्हणून मी ती बाजूला ठेवली. बायको म्हणाली, "मोबाइलवर बघा की, दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, मोबाइल कधी निपाणीचा टॉवर धरतो, कधी कोल्हापूरकडचा, त्याच्यावर भरवसा नको. आता हे लिहिताना मला दोन्ही नकार नीट आठवतात, आणि दोन्ही वेळचा माझा आवाजही.

तक्ता आमच्या घरातच होता. आम्ही जैन. आई सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाही आणि सकाळी सूर्य उगवल्यावर दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, गेल्याशिवाय पाणीही घेत नाही. तिच्या मोबाइलमध्ये त्या महिन्याचा स्क्रीनशॉट होता. डावीकडे तारीख, मग सूर्योदय, मग सूर्यास्त. वरची ओळ कापली गेली होती, पण रकाने सरळ होते.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"आमच्या बायकांच्या ग्रुपवर. दर महिन्याला येतंय. दोन वर्षं झाली, ह्याच्यावरच चाललंय माझं."

बायकांचा ग्रुप म्हणजे आमच्या पेठेतला. म्हणजे तक्ता निपाणीचा. शिवाय दोन वर्षं एक माणूस ज्याच्यावर जेवतो, तो चुकीचा कसा असेल? तरीही मी पडताळा घेतला. गुरुवारी संध्याकाळी गच्चीवर उभा राहिलो. तक्त्यात पाच त्रेपन्न होतं. बरोबर पाच त्रेपन्नला सूर्य समोरच्या वखारीच्या पत्र्यामागे गेला. मला इतकं समाधान वाटलं की मी खाली येऊन दोघींना सांगितलं.

"सूर्य वेळेवर मावळला, हे सांगायला आलास व्हय?" आई म्हणाली.

मग मी कागद घेतला. फोटो-गटात सगळे सोनेरी तासाबद्दल बोलतात: सूर्य उगवल्यावरचा एक तास आणि मावळण्याआधीचा एक तास. मी वाचून पाहिलं तर तो तास आपल्याकडचा नव्हेच. थंड देशांत सूर्य तिरका, क्षितिजाला घासत वर येतो, म्हणून तिथे मऊ उजेड फार वेळ टिकतो. आपल्याकडे तो उभा चढतो. त्या दिवसांत एक अंश चढायला त्याला साडेचार मिनिटं लागतात. सहा अंशांच्या वर गेला की उजेड पांढरा व्हायला लागतो. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम अर्धा तास. त्याआधी, सूर्य क्षितिजाखाली असताना, वीस-बावीस मिनिटं आकाश निळं-गुलाबी असतं. ते वेगळं धरायचं. तक्त्यातल्या रविवारच्या सहा एकोणसाठमधून मी तेवीस मिनिटं वजा केली आणि तीस मिळवली. सकाळची खिडकी, म्हणजे फोटोची वेळ, सहा छत्तीस ते सात एकोणतीस. शनिवारची संध्याकाळ पाच तेवीस ते सहा सोळा. आईचं जेवण पाच वाजता, म्हणजे कुणाचा खोळंबा नाही. हे सगळं एका कागदावर लिहून मी गाडीच्या काचेखाली लावलं.

आई आमच्याबरोबर येणारच होती. "घरात एकटी बसून भिंती मोजू का?" म्हणाली.

शनिवारी दुपारी निघालो. बेळगाव ओलांडलं, जांबोटीनंतर झाडी दाट झाली, तशी बायकोची मान खिडकीबाहेर जायला लागली. कणकुंबीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक छोटं तळं दिसलं. तिने गाडी थांबवायला लावली, उतरली, बांधावर चालली, परत आली.

"उद्या सकाळी इथंच," ती म्हणाली. "पाण्यावर धुकं बसणार. त्याच्यावर पहिला उजेड पडला पायजे. त्याच्या आदी आकाशाचा रंग पाण्यात पायजे. दोन्ही."

तळ्याच्या पूर्वेला एक टेकडी होती. मी ती पाहिली. पाहिली, पण हिशोबात धरली नाही.

संध्याकाळी पुढे घाटाच्या माथ्यावर गेलो. खाली कोकण पसरलेलं. आईने गाडीतच डबा उघडून पाच वाजता जेवण आटोपलं, हात धुतले आणि शाल गुंडाळून बसली. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता, त्यामुळे बायको वैतागली. नुसता सूर्य आणि नुसतं आकाश, त्यात काढायचं काय? तिने चार-पाच फोटो काढले आणि कॅमेरा गळ्यात सोडून दिला.

मी मात्र घड्याळ बघत होतो. पाच त्रेपन्न झाले. सूर्य होता. पाच सत्तावन्न. होताच. सहाच्या पुढे गेल्यावर तो बुडाला.

"सात-आठ मिनिटं उशीर," मी म्हणालो.

"गाडी चुकली असंल त्याची," बायको म्हणाली.

पण मला ते टोचलं. मग कारण सापडलं. आपण उंचावर आहोत, खाली समुद्रापर्यंत दिसतं, म्हणून सूर्य जास्त वेळ दिसणार. हे कारण खोटं नव्हतं. उंचीमुळे तीन-चार मिनिटं जातातच. उरलेल्या तीन-चार मिनिटांचं काय, हे मी स्वतःला विचारलं नाही. वखारीत एखाद्या पोऱ्याने अशी अर्धी फोड करून दिली असती, तर मी कागद परत फेकला असता.

गावात एका घरी उतरायची सोय होती. मला झोप लागली नाही. पहाटे उठून अंगणात आलो तेव्हा सहा वाजायला आले होते आणि पूर्वेला झाडांच्या मागे उजळलं होतं. थोडं नव्हे, चांगलंच. मी काचेखालचा कागद बघितला. सहा छत्तीसला सुरुवात. अजून अर्ध्या तासाहून जास्त वेळ होता. मी मनाशी म्हटलं, हे खेडं आहे, दिवे नाहीत, म्हणून लवकर उजळल्यासारखं वाटतं.

बायको खांद्याला कॅमेरा लावून बाहेर आली.

"अहो, उजाडलं की."

"हे उजाडणं नव्हे. ह्याच्या आधीचं असतंय ते."

"आधीचं म्हंजे?"

"अंधाराच्या नंतरचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "अंधाराच्या नंतर उजाडतंच की हो."

आईला गरम पाणी मिळायला वेळ लागला. निघालो तेव्हा सव्वासहा होऊन गेले होते. गाडी झाडीतून जात होती आणि फांद्यांच्या मधून आकाश दिसत होतं: खाली गुलाबी, वर जांभळट निळं. तिला जसं हवं होतं तसंच. ते आमच्याबरोबर झाडांच्या मागून धावत होतं आणि दर वळणाला थोडं फिकं होत होतं. बायकोने काच खाली केली होती. ती काही बोलत नव्हती. संकेश्वरपर्यंतचं तिचं न बोलणं मला आठवलं आणि मी गाडी वेगात घेतली.

"सावकाश रं," मागून आई म्हणाली. "सूर्य काय एस.टी. हाय का, सुटायला?"

तळ्यावर पोचलो तेव्हा कागदाप्रमाणे मी लवकर आलो होतो. सहा एकतीस. आकाश पांढरट झालं होतं. गुलाबी संपली होती. पाण्यावर धुकं होतं, दाट, बांधाच्या खाली कापसासारखं, पण त्यात रंग नव्हता. बायको बांधावर गेली, तिपाई लावली, एकदा डोळा लावून बघितलं आणि तशीच उभी राहिली.

मी गाडीपाशी कागद हातात घेऊन उभा. सगळी वजाबाकी पुन्हा केली. बरोबर होती. तीच तर गोम होती. वजाबाकी चुकली असती तर मला बरं वाटलं असतं.

आई दार उघडून खाली उतरली. "मला पाणी कवा चालेल रं? घसा वाळलाय."

"सूर्योदय सहा एकोणसाठ. त्यात अठ्ठेचाळीस. सात सत्तेचाळीस."

"व्हय, तेवढंच असतंय. नडियादच्या बेननं घातलेल्या त्या कागदात सहा एकोणसाठच हाय."

"कुणाच्या?"

"अगं बाई. विसरलास? आपल्या शेजारची बेन. तिच्या मालकांची वखार होती. गेली की ती नडियादला लेकाकडं. ग्रुपमधनं तिला काढलं न्हाय कुणी. तीच घालती दर महिन्याला कागद. वर गुजराथीत लिवल्यालं असतंय कायतरी, मला वाचता येत न्हाय, म्हणून मी खालचंच ठेवते."

मी गाडीच्या बॉनेटवर हात टेकला.

निपाणीत तंबाखूमुळे गुजराती बिऱ्हाडं पूर्वापार. आमच्या पेठेतली कितीतरी माणसं तिकडे परत गेली, पण त्यांचे मोबाइल नंबर इथल्या ग्रुपांत राहिले. मी मुंबईची दिनदर्शिका उत्तरेची म्हणून नाकारली होती आणि मुंबईच्याही वर, गुजरातेतल्या गावाचा सूर्य काचेखाली लावून कणकुंबीपर्यंत आलो होतो.

मग सगळं आपोआप उलगडलं. थंडीत उत्तरेला दिवस लहान. तिकडे सूर्य सकाळी आपल्यापेक्षा पुष्कळ उशिरा उगवतो. पण नडियाद आपल्या पश्चिमेलाही आहे, त्यामुळे संध्याकाळी तो फरक जवळजवळ फिटतो. चार-पाच मिनिटं उरतात, आणि तेवढी मिनिटं वखारीच्या पत्र्याने खाल्ली होती. मी संध्याकाळ तपासली आणि सकाळवर सही केली. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, तेरीज जुळली, जमा-नावेच्या बेरजा सारख्या आल्या, म्हणजे हिशोब बरोबर असं नाही. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हाही ती जुळते.

आपला सूर्योदय किती वाजता असेल? तिथे मोबाइलला रेंज नव्हती. अंदाजाने सहा चाळीसच्या आसपास. म्हणजे आत्ताच.

मी बांधावर गेलो. सांगणं भाग होतं. "तक्ता नडियादचा निघाला. अठरा-एकोणीस मिनिटांचा फरक. रंगाची वेळ गेली."

तिने मान हलवली. चिडली असती तर मला आवडलं असतं. "मग सूर्य? तो तर अजून न्हाय."

तेव्हा माझं लक्ष टेकडीकडे गेलं. सहा चाळीस झाले. एक्केचाळीसला दूर पश्चिमेच्या डोंगराच्या टोकावर ऊन पडलं, तळं मात्र सावलीत. सूर्य उगवला होता, पण आमच्यासाठी टेकडीच्या मागेच होता. तक्ते सपाट क्षितिजाचे असतात. टेकडी त्यांना माहीत नसते.

कधीतरी वाचलेलं आठवलं: हात सरळ लांबवून मूठ धरली तर मूठभर उंची म्हणजे सुमारे दहा अंश. मी एक डोळा मिटला आणि मूठ टेकडीसमोर धरली. टेकडी अर्ध्या मुठीपेक्षा कमी भरली. चार अंश धरू. चार गुणिले साडेचार, अठरा मिनिटं.

"हे काय करतोस?" आई शाल सावरत शेजारी आली.

"टेकडी मोजतोय."

"मुठीनं?"

"व्हय. तू बी धर, तुझी मूठ लहान हाय, पण हात बी लहान हाय, म्हणजे हिशोब तोच येतोय."

आईने खरंच हात लांब केला, डोळा मिटला. "माझी बी अर्ध्यातच," ती म्हणाली. "मग? कवा येतोय?"

मी बेरीज केली आणि मला हसू आवरेना. सहा एक्केचाळीस आणि अठरा. सहा एकोणसाठ.

"नडियादच्याच वेळेला," मी म्हणालो.

आई म्हणाली, "बेन खोटं सांगायची न्हाय."

मी मागे वळून बायकोला ओरडून सांगितलं, सातला मिनिट कमी असताना सूर्य टेकडीवर येईल, आणि आला की मऊ उजेड फक्त दहा-बारा मिनिटं, कारण तो आधीच चार अंश चढलेला असेल. ती एव्हाना तिपाई घेऊन मागे सरकली होती आणि कॅमेऱ्याला डोळा लावून आमच्याच दिशेने उभी होती. "ऐकलं," म्हणाली.

सूर्य आला. मिनिटाचा फरक असेल. टेकडीच्या झाडांमधून किरण खाली उतरले, धुकं पेटल्यासारखं सोनेरी झालं आणि पाण्यावरून हलू लागलं. तिने भराभर फोटो घेतले, बांधावर धावली, गुडघ्यावर बसली. दहा मिनिटांनंतर ऊन पांढरं झालं, धुकं फाटलं. तिने तिपाई मिटली.

आई गाडीत बसून वाट पाहत होती. मी म्हटलं, "आई, आता खरा हिशोब. आपल्याकडं सूर्य अठरा मिनिटं आधीच उगवतोय. तुझं पाणी साडेसातलाच चालणार."

"म्हंजे दोन वर्षं मी अठरा मिनिटं फुकट उपाशी?"

"थंडीतच. उन्हाळ्यात न्हाय, तवा तिकडं बी सूर्य आपल्या आसपासच उगवतोय."

"असू दे. जास्तीचं घातलंय, कमी तर न्हाय ना घातलं." आणि खरंच ती सात सत्तेचाळीसलाच पाणी प्यायली.

दुपारी निपाणीला परत आलो. संध्याकाळी बायकोने संगणकावर फोटो उघडले. धुक्याचे नऊ फोटो चांगले होते, मला तरी चांगले वाटले. त्यातला एक मी निवडला. सूर्य अगदी झाडाच्या टोकावर, पाण्यात सोनं. "हा पाठव," म्हणालो. "विषयच उजेड हाय."

"असा उजेड सगळेच पाठवणार," ती म्हणाली. तिने मागे जाऊन एक फोटो उघडला. राखाडी, सपाट उजेड, सावली नाही, रंग नाही. पाण्यावर धुकं, पलीकडे काळी टेकडी, तिच्या माथ्यावर नुसती पांढरी रेघ. आणि बांधावर दोन माणसं पाठमोरी, एक उंच, एक शालीतली बुटकी. दोघांचेही उजवे हात सरळ पुढे, मुठी आवळलेल्या, जणू टेकडीला दम देतायत.

"हा कुठल्या खिडकीतला?" मी विचारलं.

"कुठल्याच न्हाय. रंग गेल्यावरचा, ऊन यायच्या आदीचा. तुमच्या कागदात असला उजेडच न्हाय." मग म्हणाली, "सूर्य दिसत न्हाय, पण दोघं त्याचीच वाट बघतायत. उजेड ह्यालाच म्हणायचं मला."

मी विरोध केला. पायाखालची जमीन नीट दिसत नाही, माझा सदरा मागून बाहेर आलाय, आईची चप्पल वेगवेगळी आहे. तिसऱ्यांदा नाकारला गेला तर कॅमेरा जाणार होता, आणि तो माझ्या पाठीमुळे जावा असं मला वाटत नव्हतं. ती म्हणाली, "चप्पल वेगवेगळी हाय, ते मला बी आत्ता दिसलं," आणि फोटो पाठवून दिला. खाली ठिकाण आणि वेळ लिहायची होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, सहा सेहेचाळीस.

दोन आठवडे मी घरात नीट बसलो नाही. वखारीतून आलो की आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. मधल्या काळात मी निपाणीचा तक्ता तयार केला, दोन ठिकाणांहून तपासून, सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही, आणि वर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव घातलं. आईने तो बेनच्या तक्त्याशेजारी लावला.

फोटो निवडला गेला. हॉलमध्ये भिंतीच्या शेवटी, पंख्याच्या बटनांजवळ जागा मिळाली. आम्ही तिघं गेलो होतो. एक गृहस्थ बराच वेळ त्या फोटोसमोर उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "ही दोघं कुणावर एवढी रागावलीत हो?"

बायकोने मागे वळून आमच्याकडे बघितलं. आई पुढे झाली. "सूर्यावर," ती म्हणाली. "नडियादच्या."

परतताना अंधार पडला होता. कॅमेरा मागच्या सीटवर आईच्या मांडीत होता. बायको म्हणाली, पुढच्या महिन्यात पुन्हा कणकुंबीला जाऊ, यावेळी आकाशाचा रंग पाहिजे. मी म्हटलं, तळ्यावर किती वाजता उभं राहायचं ते काढतो. संकेश्वरपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.